एका हातात किती कुत्री?

ब्यूनस आयर्सच्या रस्त्यांवर सकाळच्या वेळी एक दृश्य हमखास दिसतं. कमरेला जाड पट्टा बांधलेला एक माणूस, त्या पट्ट्यात अडकवलेल्या दहा-बारा लीश, आणि त्यांच्या टोकाला लॅब्रेडॉरपासून पूडलपर्यंत सगळी बिरादरी. इतरांची कुत्री फिरवून आणणं हा तिथे जुना, रीतसर व्यवसाय आहे. शहराचा नियम सांगतो की एका माणसाने एका वेळी आठच कुत्री न्यावीत. नियम मोडणारेही तिथे कमी नाहीत, म्हणून तर पर्यटकांच्या फोटोंत दहा-बारा दिसतात.

हाच आकडा शहरागणिक बदलतो. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये 2013 पासून शहराच्या जागेत चार किंवा त्याहून जास्त कुत्री पैसे घेऊन फिरवायची तर परवाना लागतो आणि वरची मर्यादा आठ आहे. टोरांटोमध्ये परवानाधारकाला सहा. लंडनच्या राजेशाही उद्यानांमध्ये चार. कुत्रा तोच आणि माणसाचे हातही दोनच, तरी आकडा वेगळा, कारण रस्ता वेगळा. या चारही ठिकाणचे आकडे तिथल्या बागा, तिथले फूटपाथ आणि तिथली वर्दळ गृहीत धरून ठरले आहेत. लंडनच्या हिरवळीवर चार कुत्री सांभाळणारा माणूस पुण्यातल्या कर्वेनगरच्या किंवा मुंबईतल्या मालाडच्या गल्लीत उतरवला, तर दुसऱ्या वळणाच्या आतच त्याच्याभोवती गल्लीतली पाच-सहा कुत्री कोंडाळं करून भुंकत असतील. त्याच वेळी मागून एक दुचाकी हॉर्न वाजवत येत असेल आणि फूटपाथ कुठल्या तरी केबलसाठी खणलेला असेल.

आपल्याकडे 'डॉग वॉकर' हा शब्द आता सोसायट्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रुळला आहे. नवरा-बायको दोघं नोकरीला, आजी-आजोबांचे गुडघे दुखतात आणि घरात तीस किलोचा लॅब. त्याला सकाळ-संध्याकाळ बाहेर नेणारं कुणी तरी हवं असतं. हे काम सुरू करायला दुकान लागत नाही, यंत्र लागत नाही, भांडवल जवळजवळ नाहीच. म्हणूनच बरेच जण उत्साहाने सुरू करतात आणि पहिल्या दोन महिन्यांत एकच चूक करतात: मिळकत वाढवायची म्हणून हातातल्या लीश वाढवतात.

मर्यादा ठरवताना साधारण सकाळचा विचार करून चालत नाही. साधारण सकाळी चार कुत्रीही शहाण्यासारखी चालतात. आकडा ठरतो तो त्या एका वाईट मिनिटावर. समजा, हातात दोन लॅब्रेडॉर आहेत, प्रत्येकी तीस किलोचे. समोरून मांजर पळालं आणि दोघांनी एकदम झेप घेतली. साठ किलोचं वजन एका दिशेने झटका देतं, आणि फिरवणाऱ्याचं स्वतःचं वजनही तेवढंच असतं. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या संशोधकांनी 2023 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. 2001 ते 2020 या वीस वर्षांत अमेरिकेत लीशवरचं कुत्रं फिरवताना जखमी होऊन तातडीच्या विभागात आलेल्या प्रौढांची संख्या त्यांनी अंदाजे 4 लाख 22 हजार काढली. सगळ्यांत जास्त आढळलेली दुखापत म्हणजे बोटाचं हाड मोडणं, आणि त्याखालोखाल मेंदूला मार. बोटं का मोडतात, हे लीश धरण्याच्या सवयीकडे पाहिलं की लगेच कळतं. पकड घट्ट व्हावी म्हणून माणसं लीश हाताभोवती गुंडाळतात किंवा तिच्या कडीत फक्त बोटं अडकवतात. झटका बसला की हात सुटत नाही, हाड सुटतं. अंगठा कडीतून घालून लीश तळव्यावर आडवी घ्यायची आणि दुसऱ्या हाताने ती मध्यावर धरायची, ही खरी पकड. एका कुत्र्याला नीट धरायला दोन्ही हात लागतात, हे इथेच स्पष्ट होतं.

दुसरं वाईट मिनिट कुत्र्यांच्या मारामारीचं. भांडणाऱ्या दोन कुत्र्यांच्या तोंडाजवळ हात घालायचा नाही, हे सगळ्यांना सांगून ठेवलेलं असतं, आणि तरी ऐन वेळी माणूस गळ्यातला पट्टा पकडायला जातो आणि चावा त्यालाच बसतो. पाणी अंगावर फेकणं, मोठा आवाज करणं, मध्ये छत्री उघडणं हे उपाय पहिल्या काही सेकंदांतच लागू पडतात. ते जमलं नाही, तर दोन माणसांनी दोन्ही कुत्र्यांचे मागचे पाय धरून त्यांना मागे ओढायचं असतं. त्याला माणसं दोनच लागतात. एकट्या माणसाच्या हातात दोन अनोळखी घरांची कुत्री असतील आणि ती एकमेकांवर उलटली, तर तो काहीच करू शकत नाही.

म्हणून आपल्या शहरांसाठी सरळ नियम असा: एका फेरीत एक कुत्रं. दोन न्यायची तर एकाच घरातली, रोज एकाच भांड्याशेजारी जेवणारी, आणि दोन्हींची मिळून ताकद फिरवणाऱ्याला उभ्या जागी रोखता येईल अशी. माजावर आलेली कुत्री असेल तर ती एकटीच, तीही गर्दी नसलेल्या वेळी, कारण तिच्या वासावर गल्लीतले सगळे नर मागे लागतात. पिल्लाच्या लसी पूर्ण व्हायच्या आधी, म्हणजे साधारण चार महिन्यांपर्यंत, त्याला रस्त्यावर उतरवायचंच नाही. पार्व्होचा विषाणू जमिनीत महिनोन्महिने टिकतो आणि तो कुठे आहे हे डोळ्यांना दिसत नाही.

आता प्रश्न पोटाचा. एका वेळी एकच कुत्रं नेऊन परवडणार कसं?

समजा, कोथरूडमध्ये एक तरुणी हे काम सुरू करते. सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी साडेपाच ते साडेआठ, असे तीन-तीन तास तिच्या हातात आहेत. प्रत्यक्ष फेरी अर्ध्या तासाची. पण अर्ध्या तासाच्या फेरीला अर्धाच तास लागतो, असं धरणं हीच पहिली फसगत. गेटवर नोंद, लिफ्टची वाट, कुलूप, लीश चढवणं, परतल्यावर पंजे पुसणं, पाणी ठेवणं, मालकाला दोन ओळींचा निरोप, आणि मग पुढच्या घरापर्यंतचा प्रवास. तिचे ग्राहक कोथरूड, बावधन आणि वारजे असे विखुरलेले असतील, तर एका फेरीमागे पाऊण तास जातो. तीन तासांत चार फेऱ्या, दिवसात आठ. एका फेरीचे दीडशे रुपये धरले आणि महिन्याचे सव्वीस दिवस, तर 31,200 रुपये. त्यातून पेट्रोल जाईल ते वेगळंच.

तेच ग्राहक तिने शेजारशेजारच्या तीन सोसायट्यांतून घेतले, तर एका फेरीमागचा वेळ पस्तीस मिनिटांवर येतो. तीन तासांत पाच फेऱ्या बसतात, दिवसात दहा. तोच दर, तेच दिवस, आणि रक्कम 39,000. गाडी घरीच राहते. एकही लीश न वाढवता महिन्याला 7,800 रुपये वाढले, ते नकाशा लहान केल्यामुळे. लांबच्या ग्राहकाला नाही म्हणणं सुरुवातीला जिवावर येतं. पण सुरुवातीपासून अर्ध्या किलोमीटरच्या परिघात राहिलं, तर हे काम उभं राहतं.

दोन घरांची कुत्री एकत्र नेण्यात वेळ वाचतो, हा समजही तपासून पाहावा. पहिलं कुत्रं हातात असताना दुसऱ्याच्या घरी सातव्या मजल्यावर जायचं, एका हाताने कुलूप उघडायचं, आणि आत दुसरं कुत्रं दारावर उड्या मारतंय. आपल्या घरात परकं कुत्रं शिरलेलं कुठल्या कुत्र्याला आवडेल? भांडणं रस्त्यावर जेवढी होतात, तेवढीच या उंबरठ्यावर होतात.

लहान परिघाचा दुसरा फायदा पैशाहून मोठा आहे: तिथली गल्ली पाठ होते. गल्लीतल्या कुत्र्यांच्या हद्दी ठरलेल्या असतात, आणि त्या महिनाभर निरखल्या की दिसू लागतात. इस्त्रीवाल्याच्या टपरीपर्यंत एक टोळी, डीपीच्या पुढे दुसरी. कुठल्या कोपऱ्यावर कोणत्या वेळी कोणी मावशी दूधपोळी घालतात, कुठे एखादी कुत्री व्यायली आहे, हे फिरवणाऱ्याला माहीत असायला हवं. व्यायलेल्या कुत्रीच्या बाजूने दोन महिने तरी जायचं नाही. खाणं मांडलेलं असताना तिथून पाळलेलं कुत्रं नेणं म्हणजे भांडण विकत घेणं. गंमत म्हणजे ज्या मावशी रोज खाऊ घालतात, त्यांच्याशी ओळख ठेवली तर बरंच काम होतं. टोळीतलं कोणतं कुत्रं नुसतं भुंकतं आणि कोणतं न भुंकता मागून येतं, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं.

समोरून टोळी आलीच, तर लीश ताणायची नाही. ताणलेल्या लीशवरचं कुत्रं छाती पुढे काढून उभं राहतं आणि समोरच्यांना ते आव्हान वाटतं. लीश आखूड पण सैल ठेवायची, कुत्र्याला आपल्या मागच्या बाजूला घ्यायचं आणि न पळता, तिरकं चालत आलेल्या वाटेनेच परतायचं. काठीपेक्षा छत्री उपयोगी: उघडली की मध्ये भिंत उभी राहते आणि सोसायटीतलं कुणी 'कुत्र्यांना मारतात' म्हणून तक्रारही करत नाही.

धोक्याची सगळ्यांत दुर्लक्षित जागा मात्र रस्त्यावर नाही, इमारतीत आहे. ती म्हणजे लिफ्ट. माणूस फोनकडे बघत आत जातो, कुत्रं बाहेर काही तरी हुंगत राहतं, दार लागतं आणि लिफ्ट हलते. लीश पातळ असेल तर दाराच्या सेन्सरला ती दिसतेच असं नाही. पुढचं वर्णन नको. यावर नियम एकच आणि तो रोज पाळायचा: लिफ्टपाशी लीश आखूड करून हात थेट गळपट्ट्यावर किंवा छातीच्या हार्नेसवर न्यायचा, कुत्र्याला घेऊन एकत्र आत शिरायचं, दार पूर्ण लागेपर्यंत हात काढायचा नाही, आणि फोन खिशात. आत आधीच दुसरं कुत्रं, लहान मूल किंवा घाबरणारं कुणी असेल, तर पुढच्या लिफ्टची वाट पाहायची. बटण दाबलं की लांबणारी, डबीत गुंडाळली जाणारी लीश या कामात वापरायचीच नाही. ती लिफ्टमध्ये धोक्याची आणि रस्त्यावरही.

कुत्रं निसटतं ते बहुतेक वेळा पुढे पळून नाही, तर मागे सरकून. फटाका वाजतो, कुत्रं घाबरून मागे रेटतं, आणि सैल गळपट्टा कानांवरून अलगद निघून येतो. हातात राहते ती रिकामी लीश. गळपट्टा आणि मान यांच्यात दोन बोटं बसावीत, तिसरं नको. ज्यांचं डोकं मानेपेक्षा बारीक, अशा कुत्र्यांना ओढल्यावर आवळणारा पण ठरावीक मापापुढे न आवळणारा मार्टिंगेल पट्टा हवा. सगळ्यांत भरवशाचं म्हणजे गळपट्टा आणि हार्नेस दोन्ही चढवून दोन्हींना लीश जोडणं. एक सुटलं तरी दुसरं धरून राहतं. हे सगळं रोज उंबरठ्याच्या आत तपासायचं, रस्त्यावर उतरून नव्हे.

तरीही निसटलंच तर पहिली इच्छा त्याच्यामागे धावण्याची होते, आणि तीच चुकीची. पाठलाग म्हणजे कुत्र्याच्या लेखी एक तर खेळ, नाही तर संकट. दोन्हीत ते आणखी जोरात पळतं. थांबायचं, खाली बसायचं, नेहमीच्या सुरात नाव घ्यायचं, खाऊच्या पुडीचा आवाज करायचा. ते दिसेनासं झालं, तर त्याच मिनिटाला मालकाला फोन. 'आधी शोधून बघू, मग कळवू' असं ठरवून घालवलेली वीस मिनिटं पुढे फार महाग पडतात. बरीच कुत्री घराच्या वाटेने जातात, म्हणून सोसायटीच्या वॉचमनला गेट उघडं ठेवायला सांगायचं. गळपट्ट्यावर मालकाचा फोन नंबर कोरलेला बिल्ला हवा. कुत्र्याचं नाव त्यावर असो वा नसो.

आपल्या ऋतूंचेही काही नियम आहेत. एप्रिल-मेमध्ये नऊ वाजता डांबर तापलेलं असतं. तळहाताची उलटी बाजू रस्त्यावर टेकवायची. सात सेकंद ठेववत नसेल, तर तिथे पंजेही टेकवायचे नाहीत. पग, बुलडॉग, शिह त्झू अशा चपट्या नाकांच्या कुत्र्यांना धाप टाकून अंग गार करणं नीट जमत नाही. त्यांची उन्हाळ्यातली फेरी सूर्य वर यायच्या आत आणि पंधरा मिनिटांचीच. घट्ट लाळ, गडद लाल हिरड्या, लडखडणं, उलटी ही उष्माघाताची लक्षणं. अशा वेळी आधी अंगावर नळाचं पाणी ओतत राहायचं, वारा घालायचा आणि त्याच वेळी गाडीची व्यवस्था करायची. गाडीची वाट बघत नुसतं सावलीत बसवून ठेवण्यात वेळ जातो. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यात उंदरांच्या मुतातून लेप्टोचे जंतू असतात, शिवाय विजेच्या खांबाजवळच्या डबक्यात करंट उतरलेला असू शकतो. माणसाच्या पायात चप्पल असते, कुत्र्याच्या नसते. खांबांपासून दूर चालायचं आणि खांबावर पाय वर करण्याचा कार्यक्रम पावसाळ्यात बंद ठेवायचा, कितीही ओढाताण झाली तरी. गणपतीची मिरवणूक आणि दिवाळीचे चार दिवस यांचं वेळापत्रक आधीच वेगळं छापून द्यावं: फेरी उजाडताना आणि भर दुपारी, संध्याकाळी नाही.

इथवर कुत्र्याचं झालं. खरी कसोटी माणसांची, आणि ती पहिल्या भेटीतच सुरू होते.

"आमचा ब्रूनो काही करत नाही हो!" मालकीणबाई दारातच सांगतात. या वाक्यावर भारतातल्या सगळ्या डॉग वॉकरांनी मिळून एक स्मारक उभारायला हरकत नाही.

"काकू, कधी कुणाला चावलाय का? खेळता खेळता, ओरबाडून वगैरे?"

"छे! एकदा फक्त गॅसवाल्याला. तोही जरा घाईत आत आला ना."

ही माहिती कागदावर आणणं हे करारपत्राचं पहिलं काम. पैसे आणि सुट्ट्या त्यानंतर. कायद्याचा आधारही इथे भक्कम आहे, आणि तो चक्क 1872 चा आहे. भारतीय करार कायद्यात आपली वस्तू काही कामासाठी दुसऱ्याच्या ताब्यात देणं, याला निक्षेप म्हणतात. कायद्याच्या भाषेत पाळीव जनावर ही जंगम मालमत्ता, त्यामुळे ठरलेल्या वेळी परत आणण्याच्या बोलीवर कुत्रं स्वाधीन करणं हे याच नात्यात बसतं. कलम 150 सांगतं की दिलेल्या वस्तूतला आपल्याला ठाऊक असलेला धोकादायक दोष मालकाने उघड केला पाहिजे. तिथे दिलेलं उदाहरण तर जणू या व्यवसायासाठीच लिहिलं आहे: एकाने आपला खोडकर, बेफाम घोडा दुसऱ्याला दिला, पण तो तसा आहे हे सांगितलं नाही, घोडा उधळला, स्वार पडून जखमी झाला, नुकसानीला मालक जबाबदार. घोड्याच्या जागी ब्रूनोला बसवा. पुढचंच कलम 151 फिरवणाऱ्याला लागू होतं: सर्वसाधारण शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची जेवढी काळजी घेईल, तेवढी त्याने घ्यायला हवी. दोन बोटांची तपासणी, लिफ्टचा नियम आणि एका फेरीत एक कुत्रं, ही त्या काळजीची लेखी रूपं. म्हणून ती करारपत्रात असावीत, आणि मालकाला 'आज दोघांना एकत्र ने ना' म्हणायला वाव नसावा.

आणखी एक कलम मात्र दोघांनी आपसात करार करून टळत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 प्रमाणे, आपल्या ताब्यातल्या जनावरापासून माणसाला इजा होऊ नये म्हणून पुरेशी काळजी न घेणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. शब्द 'ताब्यातल्या' असा आहे. सकाळी सात वाजता लीश ज्याच्या हातात, कुत्रं त्याच्या ताब्यात. 'सर्व जबाबदारी मालकाची' अशी ओळ करारात घातली, तरी ती त्या दोघांपुरती. चावा बसलेल्या तिसऱ्या माणसाला ती बांधत नाही. म्हणून गॅसवाल्याचा किस्सा कळल्यावर फिरवणाऱ्यापुढे दोनच रास्त वाटा उरतात. ब्रूनोला आधी घरच्यांसमोर आठवडाभर मझलची सवय लावायची आणि मगच रस्त्यावर न्यायचं, किंवा काम नम्रपणे नाकारायचं. जाळीदार, तोंड उघडून धाप टाकता येईल असा मझल हवा. तोंड बांधून टाकणारी कापडी पट्टी फिरायला नेताना घातक ठरते.

चावा बसलाच तर जखम साबणाच्या वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि डॉक्टरकडे जायचं, कुत्र्याच्या लसीचं कार्ड कितीही ताजं असलं तरी. लसीचा निर्णय डॉक्टरांचा. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर माणूस वाचत नाही, त्यामुळे इथे भिडस्तपणाला जागा नाही. याच कारणाने करारासोबत रेबीजच्या आणि इतर लसींच्या तारखा, महापालिकेच्या परवान्याची प्रत आणि नेहमीच्या पशुवैद्याचा नंबर घ्यायचा, आणि लसीची मुदत संपली की नवी नोंद दाखवेपर्यंत फेरी बंद. एकदा ही शिस्त मोडली की ती सगळ्यांसाठीच मोडते.

करारातलं सगळ्यांत नाजूक कलम आणीबाणीच्या उपचारांचं. मालक विमानात आहे, फोन लागत नाही, आणि कुत्र्याच्या घशात कोंबडीचं हाड अडकलंय. चायनीजच्या गाड्यांमागच्या फूटपाथवर हा प्रसंग दुर्मीळ नाही. तेव्हा कोणत्या दवाखान्यात न्यायचं, न विचारता किती रुपयांपर्यंत खर्च करायचा, तो किती दिवसांत परत मिळेल, आणि मालक सापडला नाही तर निर्णय कोणी घ्यायचा, हे चार प्रश्न आधीच सोडवून ठेवायचे. रक्कम पाच हजार असो वा पंधरा. ती लिहिलेली असावी. सही घेताना मालकाने दुसऱ्या एका नातेवाइकाचा नंबर दिलाच पाहिजे. पाळीव प्राण्यांच्या काही विमा योजनांत तिसऱ्या माणसाला झालेल्या इजेचं संरक्षण मिळतं. पण कुत्रं दुसऱ्या कुणाच्या ताब्यात असतानाही ते लागू राहतं का, हे मालकाने विमा कंपनीकडून लेखी विचारून घ्यावं.

पैशाची कलमं त्या मानाने सोपी. महिन्याचे आगाऊ, रद्द करायचं तर आदल्या रात्री आठपर्यंत कळवायचं, मुसळधार पावसात फेरीऐवजी घरातच वीस मिनिटं खेळ, आठवड्याची सुट्टी ठरलेली. कुत्र्याला मोकळं सोडायचं नाही, ही अट मालकाच्या तोंडी परवानगीनेही बदलत नाही. फोटो काढायचे तर दारावरचा नंबर आणि घराची ठेवण दिसणार नाही असे, आणि तेही विचारून. किल्लीवर फ्लॅट नंबर न लिहिता फक्त खुणेचा रंग. ती घेतल्याची आणि परत दिल्याची सही. हे सगळं साध्या कागदावर दोघांच्या सह्यांनी केलं तरी करार होतोच, पण महाराष्ट्रात तो पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर केला तर पुढे वाद झाल्यास कागद दाखवताना अडत नाही. सरकारी सोपस्कारही फार नाहीत: मोजकेच कामगार असलेल्या आस्थापनेला राज्याच्या 2017 च्या कायद्याप्रमाणे फक्त ऑनलाइन सूचना द्यावी लागते, आणि वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत असेल तर सेवांसाठी जीएसटी नोंदणीची गरज सहसा पडत नाही.

करार झाल्यावरही दुसऱ्या दिवशी सकाळी एकट्याने लीश घ्यायची नाही. पहिल्या फेरीत लीश मालकाच्या हातात, फिरवणारी फक्त सोबत. कुत्रं कशाला दचकतं, कुठे ओढतं, दुचाकी बघून काय करतं, हे तिने टिपून घ्यायचं. दुसऱ्या फेरीत लीश तिच्या हातात, मालक दहा पावलं मागे. तिसऱ्या फेरीला मालक घरातच थांबतो, आणि बरीच कुत्री याच दिवशी लिफ्टसमोर बसकण मारतात. तेव्हा ओढून न्यायचं नाही. त्या दिवशीची फेरी मजल्यावरच्या मोकळ्या जागेपुरती झाली तरी चालते. मालकाला पैसे पूर्ण पडतात आणि तेही करारात लिहिलेलं असावं.

सहा-आठ महिन्यांत तिन्ही सोसायट्यांतून अकरावा, बारावा फोन येतो. वेळ तर दहाच फेऱ्यांचा आहे. इथे दोन लीशांचा मोह परत डोकं वर काढतो. त्याऐवजी ती एक वही ठेवते, प्रतीक्षेतल्या नावांची, प्रत्येकापुढे इमारत आणि कुत्र्याचं वजन. एकाच इमारतीतली चार नावं जमली की दुसऱ्या माणसाला घ्यायचं. तो पहिले दोन आठवडे नुसता सोबत चालतो, पगार घेऊन. या दोन आठवड्यांत त्याला कुत्र्यांआधी गल्ली शिकवायची असते: टपरीपर्यंत कोणाची हद्द, मावशी किती वाजता येतात, कुठल्या लिफ्टचं दार लवकर लागतं.